पाटल्या माझ्या नावावर

माझ्या नावावर आयुष्यात दोनच गोष्टी झाल्या. एक रेशनकार्ड, तेही मालक गेल्यावर. दुसरं सुनेच्या सोन्यावरचं कर्ज.

सोनं तिच्या माहेरचं होतं. एक गंठण आणि पाटल्यांचा जोड, सगळं मिळून पाच तोळे. तिच्या बापानं श्रीगोंद्याकडच्या आपल्या शेतातल्या उसाचं बिल आलं तसं दोन खेपेला घेऊन ठेवलं होतं. लग्नात त्यांनी ते मांडवात सगळ्यांसमोर ताटात ठेवून दाखवलं. मला त्या ताटाकडं नीट बघवलं नाही. आमच्याकडून एक फुटका मणी गेला नव्हता. माझं होतं नव्हतं ते मालकांच्या आजारपणात मोडलं होतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मुलानं जुना टेम्पो घ्यायचं काढलं. तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. आमच्या गावातून नगरच्या मार्केट यार्डात कांदा न्यायचा, येताना मिळेल ते भाडं आणायचं. गाडीच्या मालकाला भाडं आणि आपल्याला नुसता रोज, हे त्याला सोसत नव्हतं. टेम्पो विकणारा ओळखीचा निघाला. पैसे मात्र रोख हवे होते. मुलाच्या नावावर आधीच मोबाईलचं आणि मोटारसायकलचं थकलेलं होतं, त्यामुळं त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. मग त्यानं सुनेला विचारलं. ती आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आत्या, एक वर्षाचीच गोष्ट हाय म्हनत्यात. तुमच्या नावावर ठिवायचं म्हनत्यात." आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

मी म्हटलं, "तुझं सोनं हाय. तू सांग."

"मी काय सांगू? न्हाई म्हनलं तर रोज तोंड बघायचं हाय."

असं ते ठरलं.

पतसंस्था तालुक्याच्या रस्त्याला, खताच्या दुकानाच्या वर आहे. मी जिना चढताना पदर दोनदा डोक्यावर ओढला. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. त्यांचा सराफ ठरलेल्या वारी यायचा. त्यानं गंठण वजनकाट्यावर ठेवलं, मग काळे मणी आणि दोऱ्याचं वजन धरून ते वजा केलं. पाटल्या घासून बघितल्या. सगळं एका पिशवीत घालून पिशवीला सील लावलं, सीलवर माझी सही घेतली. चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलेली सही मी इतक्या वर्षांत किती वेळा केली असेल, तेवढ्या सह्या एका दिवसात तिथं केल्या. सुनेला बाकड्यावर बसवलं होतं. तिचं काही काम नव्हतं.

मॅनेजरनं समजावून सांगितलं. ते मी इथं लिहिते, कारण तेव्हा मला ते फार सोपं वाटलं होतं. एक लाख वीस हजार मिळतील. बारा महिने हप्ता नाही, कुणी मागायला येणार नाही. व्याज दर महिन्याला लागेल, ते मुद्दलात मिळत जाईल, आणि पुढच्या महिन्याला त्या वाढलेल्या रकमेवर लागेल. वर्षाच्या शेवटी सगळं एकदम भरायचं आणि सोनं न्यायचं.

"म्हंजी वर्षभर काहीच भरायचं न्हाई?" मुलानं विचारलं.

"काहीच नाही. भरलं तर घेतो, पण भरायलाच पाहिजे असं नाही. एकदाच, शेवटी."

मुलगा माझ्याकडं बघून हसला. "बघ आई. असं कर्ज कुनी देतं का?"

खरंच कुणी देत नाही. मी किराणा दुकानदाराची उधारी बघितली होती, त्याचा माणूस अमावस्येला दारात यायचा. बचत गटाचा हप्ता बघितला होता, त्या दिवशी बायका एकमेकींच्या घरी जाऊन बसायच्या, पैसे निघेपर्यंत उठायच्या नाहीत. ह्या कर्जाला कुणीच आलं नाही. आषाढ गेला, दिवाळी गेली. टेम्पोला रंग दिला. पुढच्या काचेवर नाव लिहून घेतलं. मुलगा चार पैसे आणायचा, घरात टीव्ही आला, दारापुढं पत्रे टाकले. कर्जाचा विषय निघायचा नाही. एखादं जनावर आवाज न करता गोठ्यात वाढत असावं, तसं ते वाढत होतं आणि आम्ही त्या बाजूला जातच नव्हतो.

सून मात्र जात होती. तिनं माहेरी सांगून ठेवलं होतं की पाटल्या बँकेच्या लॉकरात आहेत, गंठण तेवढं अंगावर आहे. माहेरी जाताना ती बाजारातून आणलेलं एक ग्रॅमचं खोटं गंठण घालायची. घामानं तिच्या मानेला हिरवट डाग पडायचा, आल्यावर ती राखेनं घासायची. संक्रांतीला तिच्या आईनं हळद लावताना गंठण हातात घेतलं आणि विचारलं, "ह्ये हलकं कसं झालं गं?" सून म्हणाली, "मीच वाळले, त्यामुळं तुला तसं वाटतंय." हे तिनं मला सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याचं मला नंतर वाईट वाटलं.

वर्ष झालं तेव्हा रक्कम एक लाख पस्तीस हजारांवर गेली होती. घरात पस्तीस हजारसुद्धा नव्हते. पण मॅनेजर म्हणाला, काळजी करू नका, सोन्याचा भाव चढलाय. जुनं कर्ज मिटवून त्याच सोन्यावर नवं देतो. कागदावरच झालं सगळं. पिशवी फोडून सराफानं वजन केलं, परत सील केलं. नवं कर्ज एक लाख साठ हजारांचं. त्यातून जुनं व्याजासकट फिटलं आणि वर जवळपास पंचवीस हजार मुलाच्या हातात आले. जिना उतरताना तो शीळ घालत होता.

मला हिशोब येतो थोडाफार. घरी येऊन मी चुलीपुढं बसून तो केला. सोनं तेवढंच होतं. कर्ज चाळीस हजारांनी वाढलं होतं. गावात सगळे भाव चढला म्हणून खूश होते, ज्यांच्याकडं होतं ते आणि ज्यांच्याकडं नव्हतं तेही. आमचं सोनं मात्र भाव चढला तसं आमच्यापासून लांब चाललं होतं. भाव चढला म्हणून जास्त कर्ज मिळालं, आणि जास्त मिळालं म्हणून सोडवायला जास्त लागणार होतं. हे मी मुलाला सांगायचा प्रयत्न केला. तो जेवत होता.

"आई, सोनं वाढलं म्हंजी आपन श्रीमंत झालो. तू उगं रडत बसू नको."

"सोनं तिचं हाय."

"मग ती श्रीमंत झाली."

सून पाठमोरी भांडी घासत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला.

दुसऱ्या वर्षी तिच्या भावाचं लग्न ठरलं. उन्हाळ्यातली तारीख धरली. आमचं कर्ज त्याच्या अगोदर पंधरा-वीस दिवस संपत होतं. तेव्हापासून सुनेचा जीव त्या एका गोष्टीत अडकला. सख्ख्या भावाच्या लग्नात करवली म्हणून मिरवायचं आणि गळ्यात एक ग्रॅमचं? सगळ्या भावकीनं ते गंठण मांडवात ताटात बघितलेलं. तिच्या बापाच्या एक लक्षात आलं असतं तर सगळंच लक्षात आलं असतं. ती मला एवढंच म्हणायची, "आत्या, तेवढ्या दिवसापुरतं तरी."

त्या वर्षी मॅनेजरनं फोन करून सांगितलं की आता कागदावर नवं-जुनं करता येणार नाही. वरून नियम आलाय. आधी सगळे पैसे भरून जुनं कर्ज बंद करायचं, सोनं ताब्यात घ्यायचं, मग नव्यानं ठेवायचं. भरायचे होते एक लाख ऐंशी हजार आणि वर तीनशे.

ह्यावर लोकांनी रस्ता काढून ठेवलाच होता. पतसंस्थेच्या खाली चहाच्या टपरीवर एक माणूस बसायचा. त्याला सगळे शेठ म्हणायचे. तो एका दिवसापुरते पैसे द्यायचा. सकाळी त्याच्या पैशानं कर्ज बंद करायचं, दुपारपर्यंत नवं कर्ज काढून त्याला परत द्यायचे, शेकड्याला एक रुपया त्याचा. त्या एका रुपयासाठी तो तुमच्या शेजारून उठत नसे. मी पोचले तेव्हा त्यानं आधी माझी पैसे काढायच्या स्लिपवर सही घेतली आणि स्लिप स्वतःच्या खिशात ठेवली.

"मावशी, चहा घ्या," तो म्हणाला. "आज तुमी माझ्या पाहुन्या."

"मी घिऊन आले."

"बरं बरं. घाबरू नका. मी वाघ न्हाई. वाघाला एका दिवसात एक टक्का कोन देतंय?" तो स्वतःच हसला. मुलगाही हसला.

वर गेलो. शेठनं नोटांची बंडलं काउंटरवर ठेवली, मशिनमधून फरफर गेली, कर्ज बंद झाल्याचा शिक्का पडला. मी आमच्याजवळची तारणाची पावती परत दिली. शिपायानं आतून पिशवी आणली. माझ्यासमोर सील कापलं, वजन दाखवलं, सही घेतली आणि सोनं माझ्या हातात दिलं.

मला वाटलं होतं की ते एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर जाईल. पण सराफ जेवायला गेला होता. मॅनेजर म्हणाला, बसा, येतीलच. मी बाकड्यावर बसले. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला शेठ, समोर मुलगा उभा. माझ्या मांडीवर रुमालात पाच तोळे सोनं. कर्ज कुणाचंच नव्हतं त्या वेळी. कागदावर आम्ही मोकळे होतो.

सुनेनं हात पुढं केला आणि नुसतं एक बोट गंठणावर ठेवलं. वाटीवर नक्षी होती, तिच्यावरून बोट फिरवलं. गळ्यात घालून बघावं असं तिला वाटत असणार. शेठची नजर तिच्या बोटावर होती.

"ताई, नजर काढून घ्या एकदा," तो म्हणाला. "मग परत आत जाऊ द्या. आत असलं की चोराची भीती न्हाई, नवऱ्याची न्हाई."

मुलगा मॅनेजरच्या टेबलाशी गेला होता. तो विचारत होता की आता सगळ्यावर जास्तीत जास्त किती मिळेल. मॅनेजरनं कॅल्क्युलेटर फिरवला. शेवटी व्याजासकट होणारी रक्कम सोन्याच्या किमतीच्या ठरलेल्या हिश्शात बसायला हवी, असं म्हणत त्यानं आकडा सांगितला. दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास. मुलगा वळून म्हणाला, "आई, आपन दोन सत्तर घिऊ. टायर बदलायचे, इंजनाचं काम हाय. पुढच्या वर्षी टेम्पो पळाला की एका झटक्यात सोडवू."

सून माझ्या कानाजवळ आली. "आत्या," एवढंच म्हणाली.

मला चारचौघांत बोलता येत नाही. गावात ग्रामसभेला गेले तर मी दाराजवळ बसते. शब्द आत राहतात आणि घरी आल्यावर बाहेर येतात. पण मी मघापासून मॅनेजरचं बोलणं ऐकत होते. सोन्याचा भाव दोन वर्षांत कितीतरी चढला होता. पहिल्या वर्षी पाच तोळ्यांवर जे मिळालं त्याहून जास्त आता एकट्या पाटल्यांवर मिळत असणार. पाटल्या तीन तोळ्यांच्या होत्या.

मी उठून टेबलाशी गेले. रुमाल हातात घट्ट होता.

"साहेब, नुसत्या पाटल्या ठिवल्या तर किती मिळत्याल?"

मॅनेजरनं आधी मुलाकडं बघितलं. मुलगा म्हणाला, "आई, तू बस."

"किती मिळत्याल?"

मॅनेजरनं परत आकडे दाबले. "एक पंचाहत्तरपर्यंत देता येतील."

शेठ बाकड्यावरून बोलला, "माझे एक ऐंशी तीनशे अन वर अठराशे. ते कोन देनार?"

माझ्याकडं दोन शेळ्या विकल्याचे पैसे होते. मी ते त्या दिवशी पोलक्यात ठेवून आणले होते, का आणले होते ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "वरचे मी देते. पाटल्याच ठिवायच्या. गंठन न्हाई."

"आई, लोकांसमोर तमाशा करू नको," मुलगा हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलला की जास्त चिडलेला असतो.

"तमाशा न्हाई. तेवढंच ठिवायचं."

"तुला काय कळतंय ह्यातलं? टायर फुटला तर मी मरंन घाटात, मग बस गंठन घिऊन."

हे तो बोलायला नको होता. मॅनेजरनं कॅल्क्युलेटर बाजूला सारला. मग म्हणाला, "दादा, कर्जदार ह्या आहेत. त्या म्हणतील तेवढंच घ्यावं लागेल मला. सही त्यांची."

मुलगा जिना उतरून गेला. खालून टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला.

सराफ आला. पाटल्यांचं वजन झालं, सील झालं. नवं कर्ज माझ्या खात्यात पडलं आणि शेठच्या खिशातल्या स्लिपनं बाहेर निघालं. शेळ्यांच्या पैशातून मी वरचे सात हजार शंभर त्याला मोजून दिले. त्यानं नोटा परत मोजल्या. जाताना म्हणाला, "मावशी, तुमी वकील व्हायला पायजे हुतं," आणि पुढच्या गिऱ्हाईकाजवळ जाऊन बसला.

मी गंठण सुनेला दिलं. तिनं तिथंच, मॅनेजरसमोर, गळ्यातलं खोटं काढून ते घातलं. आम्ही दोघी एसटीनं घरी आलो. वाटेत ती माझा हात धरून बसली होती.

लग्नाला ती चार दिवस आधी गेली. मुलगा लग्नाच्या दिवशी गेला आणि जेवून परत आला. मीही गेले होते. सून छान दिसत होती, मिरवत होती. तिच्या आईनं गंठण हातात घेऊन बघितलं, मी लांबून बघितलं. आईचा चेहरा तसाच राहिला तेव्हा मला हायसं वाटलं. मग आईनं तिचे हात धरले आणि विचारलं, "अन पाटल्या?"

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण त्या रात्री तिथंच सगळं बाहेर आलं असावं. लग्नानंतर आठ दिवसांनी ती यायची होती, आली नाही. तिच्या वडलांचा फोन मला आला, मुलाला नाही.

"बाई, मी तुमाला दोष देत न्हाई," ते म्हणाले. "पन माझ्या लेकीचं सोनं दोन वर्षं तुमच्या टेम्पोच्या चाकाखाली हाय, अन मला सांगितलं लॉकरात हाय. पाटल्या आना. मग बघू."

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "गंठन दिलंस म्हनून गेली. आपल्याकडं असतं तर आली असती."

ह्याचं उत्तर मी पुष्कळ दिवस शोधलं. कधी वाटायचं त्याचं खरं आहे. गंठण तारणात राहिलं असतं तर तिला परत यावंच लागलं असतं. मग तेच मला जास्त वाईट वाटायचं.

मी कांदा निवडायला जायला लागले. गावाबाहेर व्यापाऱ्याची वखार आहे, तिथं आम्ही बायका ओळीनं बसतो. बारकी गोलटी, मोठा, फुटका असे ढीग करायचे. टरफलं नाकातोंडात जातात, संध्याकाळी थुंकलं तरी लाल येतं. बायका विचारायच्या, "सून कवा येनार?" मी म्हणायची, "आईला बरं न्हाई तिच्या." दोन महिने आई आजारी राहिली, मग त्यांनी विचारायचं सोडलं.

मजुरी मिळाली की महिन्याच्या महिन्याला मी पतसंस्थेत जायची. पहिल्यांदा गेले तर कॅशियर म्हणाला, "मावशी, ह्या कर्जाला हप्ता नसतो. वर्षाच्या शेवटी एकदम भरायचं."

"आत्ता भरलं तर घेत न्हाई का?"

"घेतो की. आधी व्याजात जाईल, उरलं तर मुद्दलात."

"मग घ्या."

पहिल्या महिन्यात मी सात हजार दिले. साडेसतराशे व्याजात गेले, बाकीचे मुद्दलातून कमी झाले. पुढच्या महिन्यात व्याज थोडंसंच कमी निघालं. मी पावती घरी नेऊन कणगीवर दगडाखाली ठेवायची. कॅशियर पुढं पुढं मला बघून हसायचा, म्हणायचा, "आले आमचे हप्तेवाले." मला त्याचा राग नव्हता. मला कुणीतरी मागायला यायला हवं होतं, कुणी येत नव्हतं, म्हणून मी स्वतःच जात होते.

मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. टेम्पो त्यानं जुन्याच टायरवर चालवला. भाडं कमी झालं होतं की तोच कमी जात होता, कळायचं नाही. सून गेल्यापासून टीव्ही बंद होता. दोनदा तो तिला आणायला जाऊन आला. एकदा सासऱ्यानं दारातच बसवलं, एकदा ती भेटलीच नाही.

हिवाळा सरत आला होता. एका सकाळी तो टेम्पो घेऊन गेला आणि दुपारी चालत आला. फाट्यापासून उन्हात चालत. मला वाटलं गाडी बंद पडली. तो ओट्यावर बसला, पाणी मागितलं, प्यायला. मग शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्याजवळ ठेवली.

"किती राहिले तुझे तिथं?"

मी म्हटलं, "एक लाख एकोनीस हजार. आठवड्याचं व्याज वर."

"ह्ये एक पंधरा हायेत. वरचे घाल."

"टेम्पो?"

"विकला. रंग बघून घेतला त्यानं. इंजन न्हाई बघितलं." असं म्हणून तो हसला आणि मग त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून तो परत दुसऱ्याच्या गाडीवर जायला लागला.

मी कर्ज बंद केलं. तेच सील कापणं, तेच वजन, तीच सही. मॅनेजर म्हणाला, "मुदतीच्या आधी सोडवलंत. असं फार कमी लोक करतात." नंतर सहज म्हणाला, "भाव अजून चढलाय. आत्ता ठेवल्या तर ह्यांच्यावरच पुष्कळ मिळतील." त्याचं ते कामच आहे. मी पाटल्या पोलक्यात घातल्या आणि जिना उतरले. शेठ टपरीवर दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी बसला होता, त्यानं मान हलवली.

घरी न जाता मी तशीच श्रीगोंद्याच्या एसटीत बसले. रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या होत्या. सुनेच्या घरी पोचले तेव्हा तिचे वडील अंगणात होते. त्यांनी या म्हटलं, खाट टाकली. मी पाटल्या रुमालातून काढून त्यांच्यापुढं ठेवल्या.

त्यांनी त्या उचलल्या, उलटसुलट बघितल्या. मग नव्यानं लग्न झालेल्या मुलाला हाक मारली आणि सांगितलं, "जा, सोनाराकडं वजन करून आन." आणि मला म्हणाले, "बाई, राग मानू नका."

"न्हाई. करा की."

सुनेचा भाऊ मोटारसायकलवर गेला. सून चहा घेऊन आली. बशीत बिस्किटं मांडली होती. माझ्या घरात ती मला कपात चहा ओतून द्यायची आणि तिथंच बसून स्वतःही प्यायची. इथं तिनं ट्रे पुढं धरला, मी कप घेतल्यावर ती आत गेली. गंठण तिच्या गळ्यात होतं. थोडी भरल्यासारखी दिसत होती. मला बरं वाटलं.

वजन जेवढं होतं तेवढंच भरलं. वडील म्हणाले, "ठीक हाय," आणि पाटल्या आत नेऊन दिल्या. येतेस का, असं त्यांच्यासमोर मला विचारता आलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. मी उठले.

फाट्यापर्यंत सोडायला सून आली. रस्त्यानं दोन्ही बाजूला तुटलेल्या उसाची रानं होती, पाचट जाळल्याचा वास येत होता. एसटी यायला वेळ होता. आम्ही बाभळीखाली उभ्या राहिलो.

"टेम्पो विकला म्हनं," ती म्हणाली.

"व्हय."

"ते बरे हायेत?"

"गाडीवर जातोय परत. येशील का त्याच्याजवळ?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आत्या, तुमी लई केलं माझ्यासाठी. खोटं न्हाई बोलत." मग रस्त्याकडं बघत म्हणाली, "पन मी आले ना, की परत कवातरी कायतरी निघंल. गाडी न्हाईतर घर न्हाईतर दवाखाना. अन ते मागतील. अन मी देईन. मला न्हाई म्हनता येत न्हाई, तुमाला ठाव हाय."

मी म्हटलं, "मी हाय ना."

"तुमी कवर हाय?"

एसटी आली. ती माझ्या पाया पडली, रस्त्यावरच. कंडक्टर म्हणाला, "आजी, लवकर करा." मी चढले. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळं ती किती वेळ उभी होती ते दिसलं नाही.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. मुलगा ओट्यावर बसून होता. त्यानं स्वतःच भाताचं पातेलं चढवलं होतं.

"वजन केलं का त्यांनी?" त्यानं विचारलं.

"केलं."

"बरोबर भरलं?"

"भरलं."

त्यानं मान वर केली. "अन?"

मी चप्पल काढून आत गेले, पाण्याचा तांब्या भरला. भात लागायला आला होता, म्हणून पातेलं उतरवलं. मग त्याच्यासमोर बसून, जसं तिनं सांगितलं तसंच, सगळं त्याला सांगितलं. माझं बोलणं कधी नाही ते त्यानं मध्ये तोडलं नाही.